पहिले घर घेणाऱ्यांसाठी व्हिडिओ: शॉट लिस्ट आणि बी-रोल

विकायचे घर दाखवणाऱ्या व्हिडिओत दोन तऱ्हेचे चित्रण लागते. एक म्हणजे मुख्य दारातून आत शिरून सगळ्या खोल्यांतून जाणारी सलग फेरी. दुसरे म्हणजे बी-रोल, म्हणजेच त्या फेरीत मधूनमधून जोडायचे छोटे, जवळून घेतलेले शॉट: सुरू होणारा नळ, उघडणारी खिडकी, छताचा कोपरा. फेरीतून घराची रचना कळते आणि बी-रोलमधून त्याची अवस्था. यांतला प्रत्येक शॉट कुठे उभे राहून, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यायचा याची आधी लिहून काढलेली यादी म्हणजे शॉट लिस्ट.

ज्याने आधी एखादे घर घेतले आहे, तो अर्धा मिनिट पाहूनही ओट्याची लांबी आणि भिंतीवरचे पोपडे हेरतो. पहिलेच घर घेणाऱ्याला काय पाहायचे हेच पुष्कळदा ठाऊक नसते. डबल बेड मांडल्यावर कपाट उघडेल का, पाणी जोराने येते का, दुपारी खोली तापते का, स्टेशन खरोखर किती लांब आहे, हे प्रश्न त्याला ताबा घेतल्यावर पडतात. म्हणून त्याच्यासाठी बनवायच्या यादीत ‘खोली’च्याही आधी ‘प्रश्न’ हा रकाना हवा. ज्या शॉटसमोर एकही प्रश्न लिहिता येत नाही, तो यादीतून काढून टाकावा. फुलदाणीवरून हळूच सरकणारा कॅमेरा असाच गळतो आणि त्याची जागा न्हाणीघराच्या जाळीकडे वाहत जाणाऱ्या पाण्याला मिळते.

उदाहरणासाठी डोंबिवली पूर्वेतला एक रिसेलचा वन बीएचके धरू. इमारत साधारण पंधरा वर्षांची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, रिकामा. दारातून थेट १० बाय १४ फुटांचा हॉल, त्याला पूर्वेची खिडकी. हॉलमधून ३ फूट रुंद आणि १० फूट लांब पॅसेज. पॅसेजच्या एका बाजूला ७ बाय ९ फुटांचे स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला ४ बाय ६ फुटांचे न्हाणीघर आणि ३ बाय ४ फुटांचा संडास. टोकाला १० बाय ११ फुटांची बेडरूम, तिची खिडकी पश्चिमेला. सगळी बेरीज ३७९ चौरस फूट होते, पण कागदावर कारपेट सुमारे ४०० चौरस फूट आहे.

हा फरक पहिल्यांदा घर घेणाऱ्याला फसवणूक वाटू शकतो, म्हणून त्याचा खुलासा व्हिडिओच्या पहिल्याच मिनिटात यायला हवा. २०१६ च्या रेरा कायद्यातील व्याख्येनुसार कारपेट क्षेत्रात घराच्या आतल्या भिंतींची जाडी धरली जाते; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरली जात नाही. आतल्या भिंतींचे वीसेक चौरस फूट मिळवले की हिशेब जुळतो. त्यामुळे यादीतला पहिला शॉट चित्रित करायचाच नसतो. तो असतो घराचा साधा नकाशा, आठ ते दहा सेकंद स्थिर, प्रत्येक खोलीत तिची मापे लिहिलेला आणि खाली हा खुलासा दिलेला. नकाशातले मुख्य दार खालच्या बाजूला ठेवावे. मग फेरी सुरू झाल्यावर कॅमेरा ज्या दिशेने पुढे जातो, ती दिशा नकाशात वर जाते आणि पाहणारा गोंधळत नाही.

नकाशानंतर येते सलग फेरी. ती एकाच टेकमध्ये, न तोडता घ्यावी. खोल्यांचे सुटे सुंदर शॉट एकामागून एक जोडले, तर संडासाचे दार हॉलमधून दिसते की नाही, स्वयंपाकघरातून बेडरूमपर्यंत किती पावले आहेत, हे कधीच कळत नाही. या फ्लॅटमध्ये फेरीचा मार्ग ठरलेला आहे: बंद दारापासून सुरुवात, दार उघडून हॉलमध्ये उजव्या भिंतीलगत खिडकीपर्यंत, तिथून वळून दाराकडे एक नजर, मग पॅसेज, स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर चार सेकंद थांबा, न्हाणीघर आणि संडास यांच्या दारांत तसाच थांबा, शेवटी बेडरूम आणि तिथून पॅसेजमधून परत हॉलकडे पाहणारी नजर. नेहमीच्या निम्म्या वेगाने, टाच आधी टेकवत चालले तर हे सगळे दीड मिनिटाच्या आत बसते. चालण्याचे हेलकावे काढायला गिंबल उपयोगी पडते. ते नसेल तर कोपरे अंगाला चिकटवून, गुडघे किंचित वाकवून चालले तरी काम भागते.

कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून चार ते साडेचार फूट असावी. डोळ्यांच्या उंचीवरून घेतले तर छत जास्त आणि जमीन कमी दिसते. कमरेवरून घेतले तर खोली उगाच भव्य भासते. अपवाद स्वयंपाकघराचा. तिथे ओट्याचा पृष्ठभाग दिसायला हवा, म्हणून कॅमेरा पाच फुटांपर्यंत वर न्यावा. कॅमेरा खाली किंवा वर झुकला की भिंतींच्या उभ्या रेषा एकमेकींकडे कलतात, म्हणून दाराच्या चौकटीकडे पाहून तो सरळ आहे याची खात्री करत राहावी.

सगळ्यात मोठी लबाडी लेन्समध्ये होते, तीही बहुधा नकळत. फोनमधल्या ‘0.5x’ या अतिरुंद लेन्सने सगळी खोली एका फ्रेममध्ये मावते, म्हणून अनेक जण तीच वापरतात. पण या लेन्समुळे जवळची वस्तू फार मोठी आणि लांबची फार लहान दिसते, त्यामुळे समोरची भिंत मागे ढकलल्यासारखी वाटते आणि दहा फुटांची खोली सहज चौदा-पंधरा फुटांची भासते. असा व्हिडिओ पाहून आलेला माणूस दारातच थबकतो आणि त्यानंतर त्याला सांगितलेली खरी गोष्टही पटत नाही. फोनची ‘1x’ लेन्स डोळ्यांना पटणारे अंतर दाखवते. तिच्यात एका कोपऱ्यातून सगळी खोली येत नाही, तेव्हा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन स्थिर शॉट घ्यावेत. संडासासारख्या अगदी लहान जागेत अतिरुंद लेन्सला पर्याय नसेल, तर पडद्यावर मापे लिहावीत. पाहणाऱ्यालाही ही लबाडी ओळखता येते: फ्रेमच्या कडेला असलेला गोल दिवा अंडाकृती दिसत असेल किंवा चौकोनी लाद्या कडेला ताणल्यासारख्या वाटत असतील, तर लेन्स अतिरुंद आहे.

लाद्यांचा दुसराही उपयोग आहे. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक इमारतींत ६०० मिलिमीटरच्या, म्हणजे जवळजवळ दोन फुटांच्या चौकोनी लाद्या असतात. बी-रोलमध्ये एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत लाद्यांवरून सरकणारा एक शॉट घेतला, की पाच लाद्या म्हणजे दहा फूट हे पाहणारा स्वतः मोजतो. टेपने माप घेताना दाखवलेला शॉट त्याहून नेमका, पण मोजायला लाद्या सोप्या.

रिकाम्या खोलीचा अंदाज मात्र लाद्या मोजूनही येत नाही. घर रिकामे असले की ते मोठे वाटते असा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळांना रिकामी बेडरूम लहानच वाटते आणि तिच्यात काय मावेल हे सांगता येत नाही. यावर स्वस्त उपाय म्हणजे जमिनीवर चिकटपट्टीने सामानाचे आकार आखणे. या घराच्या बेडरूममध्ये १० फुटी भिंतीला उशाशी धरून ६ बाय साडेसहा फुटांचा डबल बेड आखला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतात आणि पायाशी साडेचार फूट. पायाकडच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट आखले की मध्ये अडीच फुटांची वाट राहते. कपाटाचे दीड फुटाचे पल्ले बाहेर उघडले तर त्यांच्यापुढे उभे राहायला एकच फूट उरतो. म्हणजे इथे सरकत्या दाराचे कपाट हवे. हा निष्कर्ष पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर निघतो: आधी आखलेल्या पट्ट्यांचा वरून घेतलेला शॉट, मग त्या अडीच फुटांच्या वाटेतून चालणारा माणूस, मग पल्ल्याच्या जागी धरलेला दीड फुटाचा पुठ्ठा. तीन शॉट, मिळून बारा सेकंद. भाड्याने फर्निचर आणून खोली सजवण्यापेक्षा हे जास्त उपयोगाचे आहे, कारण सजावटीसाठी आणलेला बेड अनेकदा नेहमीपेक्षा लहान असतो.

स्वयंपाकघरातही असेच. फ्रिजची जागा आखावी, गॅस सिलिंडर ओट्याखाली कुठे बसतो ते दाखवावे आणि वॉशिंग मशीनसाठी नळ, निचरा आणि प्लग एकाच ठिकाणी आहेत का हे एका शॉटमध्ये आणावे. प्लग पॉइंट किती आणि कुठे, हा प्रश्न पहिल्यांदा घर घेणारे क्वचितच विचारतात आणि राहायला आल्यावर एक्स्टेन्शन बोर्डांच्या वायरी ओढत बसतात. प्रत्येक खोलीत प्लगचा एक तीन सेकंदांचा शॉट पुरतो.

बी-रोलचा मुख्य भाग पाण्याचा. न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडून त्याखाली १५ लिटरची बादली ठेवावी आणि ती भरेपर्यंतचा वेळ पडद्यावर धावू द्यावा. व्हिडिओत मधला भाग भरभर पळवला तरी चालेल, घड्याळ मात्र खरे असावे. सोसायटीत पाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती लिहावी. त्यानंतर मगभर पाणी दाराजवळ ओतून ते जाळीकडे जाते की उंबरठ्याकडे, ते दाखवावे. उतार चुकलेला असेल तर दुरुस्तीला लादी उखडावी लागते. मग न्हाणीघराच्या पलीकडच्या बाजूची, पॅसेजमधली भिंत जमिनीपासून दोन फुटांपर्यंत जवळून घ्यावी. झिरपणारे पाणी सहसा तिथेच पहिल्यांदा दिसते. छताचा जो भाग वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराखाली येतो तोही घ्यावा.

उदाहरणातल्या बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली ओलीचा डाग आहे असे धरू. कोकणपट्टीत पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची भिंत ओली होणे नवलाचे नाही. विकणाऱ्याचा आग्रह असतो की रंग मारून मग शूट करावे. यादी करणाऱ्याने त्याला हे पटवून द्यावे की पहिल्या पावसात डाग परत येतो आणि तोवर घेणारा सोसायटीचा सभासद आणि शेजारी झालेला असतो. डाग दाखवावा, बाहेरून भिंतीला भेगा आहेत का तेही दाखवावे, आणि दुरुस्तीचा अंदाज असेल तर निवेदनात सांगावा. दिसलेला दोष किमतीच्या बोलणीत येतो, लपवलेला भांडणात.

प्रकाशाचे नियोजन यादीच्या ‘वेळ’ या रकान्यात होते. त्यासाठी आदल्या दिवशी सकाळी आणि दुपारी घरात एकेक चक्कर मारून ऊन कुठे पडते ते पाहावे. या घरात हॉलमध्ये सकाळी ऊन येते, बेडरूममध्ये दुपारी तीननंतर. सलग फेरी अकराच्या सुमाराला घ्यावी, कारण तेव्हा दोन्हीकडे थेट ऊन नसते आणि खोल्यांतला प्रकाश बऱ्यापैकी सारखा असतो. उन्हाचे शॉट वेगळे घ्यावेत: हॉलची खिडकी सकाळी आठला, बेडरूमची दुपारी चारला, दोन्हींवर वेळ लिहून. उन्हाळ्यात बेडरूम तापणार हे चारच्या शॉटमधून कळते; सकाळी आठचा हॉल दाखवून सगळे घर हवेशीर असल्याचा भास करू नये. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडत असेल, तर दिवे बंद करून घेतलेला एक शॉट हवाच.

तांत्रिक चुका तीनच, पण नेहमीच्या. कॅमेरा खिडकीकडून भिंतीकडे वळला की फोन आपोआप उजेड कमी-जास्त करतो आणि चित्र मिचमिचते. आयफोनवर पडद्याच्या मधल्या उजेडाच्या भागावर बोट दाबून धरले की ‘AE/AF LOCK’ असे दिसते आणि हे थांबते; बहुतेक अँड्रॉइड फोनवरही दाबून धरले की अशी सोय मिळते. खिडकीबाहेरचे दृश्य त्यामुळे पांढरे पडले तर पडू द्यावे, ते बी-रोलमध्ये वेगळे घेता येते. दुसरी चूक चित्रात सरकणाऱ्या काळ्या पट्ट्यांची. भारतातली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवले की पट्ट्या जातात. तिसरी चूक रंगांची: एकाच फ्रेममध्ये पांढरी ट्यूब, पिवळा बल्ब आणि खिडकीतला दिवसाचा प्रकाश आला की भिंतीचा खरा रंग कळत नाही. पिवळे दिवे बंद करावेत, हे सगळ्यांत सोपे.

आवाजाचा रकाना बहुतेक याद्यांत नसतोच. पण रस्ता, शाळा, मंगल कार्यालय किंवा रेल्वेमार्ग जवळ असेल तर घराचा आवाज हाच मोठा प्रश्न असतो. हॉलची खिडकी उघडी ठेवून दहा सेकंद आणि बंद करून दहा सेकंद, एकाच जागेवरून, संगीत न घालता ठेवावीत. शक्य असल्यास हे संध्याकाळी सातच्या सुमाराला घ्यावे. निवेदन मात्र शूटिंगच्या वेळी बोलू नये. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. प्रत्येक शॉटसमोर एक-दोन वाक्ये लिहून ठेवावीत आणि ती नंतर पडदे-गाद्या असलेल्या खोलीत ध्वनिमुद्रित करावीत.

घराबाहेरचा बी-रोल थोडका पण प्रामाणिक हवा. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हा दावा तपासण्याचा मार्ग म्हणजे स्टेशनच्या जिन्यापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत चालत जाऊन ते सलग टिपणे, सुरुवातीला आणि शेवटी घड्याळ दाखवणे आणि मधला भाग वेगाने पळवणे. रिक्षाने लागणारा वेळ वेगळा सांगावा. इमारतीत लिफ्ट, जिना, पार्किंगची नेमकी जागा आणि गच्चीवरची टाकी एवढे पुरे. पार्किंग या फ्लॅटसोबत येत नसेल तर ते दाखवूच नये, नुसते सांगावे. सामायिक जागेत चित्रीकरणासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी आधी घ्यावी. शेजाऱ्यांच्या नावाच्या पाट्या, गाड्यांचे क्रमांक आणि सूचनाफलकावरची थकबाकीदारांची यादी फ्रेममध्ये येऊ देऊ नये. शेअर सर्टिफिकेट किंवा इंडेक्स टू दाखवायचे तर नावे आणि क्रमांक झाकून. ड्रोन वापरायचा झाल्यास २०२१ च्या नियमांनुसार तो भाग कोणत्या विभागात येतो ते ‘Digital Sky’ वरच्या नकाशात आधी पाहावे लागते; तिसऱ्या मजल्यावरच्या वन बीएचकेसाठी तो खर्च बहुधा अनाठायीच.

बांधकाम चालू असलेल्या नव्या प्रकल्पाचा व्हिडिओ असेल तर यादीत दोन नोंदी वाढतात. जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो आणि ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही. तो पडद्यावर निदान सहा-सात सेकंद स्थिर राहावा, नाहीतर कुणाला स्कॅन करता येत नाही. दुसरी नोंद सॅम्पल फ्लॅटची: त्यातल्या प्रत्येक शॉटवर ‘सॅम्पल फ्लॅट’ असे लिहावे आणि त्याच्या जोडीला विकायच्या मजल्याचे आज दिसते तसे चित्रण ठेवावे. जाहिरातीतील किंवा सॅम्पल फ्लॅटमधील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरून नुकसान झाले, तर रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार बिल्डरकडून भरपाई मागता येते, आणि प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात.

शूटिंगचा क्रम आणि जोडणीचा क्रम वेगवेगळे असतात. शूटिंग उजेडाप्रमाणे चालते: आठला हॉलचे ऊन, मग पाणी येण्याच्या वेळेत नळ आणि बादली, अकराला फेरी, दुपारी पट्ट्या आखून मापांचे शॉट, चारला बेडरूम, संध्याकाळी आवाज आणि स्टेशनची वाट. पट्ट्या फेरीनंतरच आखाव्यात, नाहीतर त्या फेरीतही दिसतात. बी-रोलचा प्रत्येक शॉट व्हिडिओत तीन ते पाच सेकंद वापरायचा असला तरी दहा सेकंद टिपावा, सुरुवातीचा आणि शेवटचा हलका भाग कापता येतो. या घरासाठी असे पंचवीस-तीस शॉट झाले की पुरे.

जोडताना फेरी कण्यासारखी ठेवून तिच्यात बी-रोल घालावा, पण दारातून आत शिरण्याच्या क्षणी फेरी तोडू नये. कॅमेरा खोलीत येऊन स्थिरावला की बी-रोल घ्यावा आणि परतताना फेरी जिथे सुटली तिथूनच पुढे न्यावी. नकाशा, फेरी, पाणी, मापे, ऊन आणि बाहेरचा रस्ता मिळून चार ते पाच मिनिटांचा व्हिडिओ होतो. चावी परत करण्याआधी यादीतल्या प्रत्येक प्रश्नासमोर शॉट आहे की नाही ते फोनवर चालवून पाहावे. राहून जातात ते बहुधा छताचे कोपरे आणि आवाज.

शेवटच्या पडद्यावर चित्रीकरणाची तारीख असावी. मार्चमध्ये घेतलेल्या व्हिडिओत कोरडी दिसणारी भिंत जुलैमध्ये तशी असेलच असे नाही, आणि वास, शेजार किंवा कागदपत्रांचा स्वच्छपणा कोणत्याही शॉटमध्ये येत नाही. व्हिडिओ पाहून घर पसंत पडले तरी टोकन देण्याआधी त्या घरात एकदा भर पावसात आणि एकदा पाणी यायच्या वेळेला जाऊन यावे, आणि कागदपत्रे वकिलाला दाखवावीत.